कोणत्या हजारातला एक

उत्तर बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक म्हणतात, पोराने गणित चुकवलं असेल. नाही. मी कणकवलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत म्हातारी झाले, पेपर तपासताना माझा हात मेला आखडलेला असतो, आणि तरीही त्या पानाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

पोरगा माझा जुना विद्यार्थी. घर मालवणच्या अलीकडे एका खाडीकाठच्या गावात, बाप लहानपणीच गेलेला, आई आणि हा, दोघंच. बी.एस्सी. करून जहाजावरच्या नोकरीच्या मागे लागला होता. एका सकाळी माझ्या दारात उभा. हातात घडी घातलेला कागद.

"मॅडम, एक उत्तर तपासून व्हया होता."

"परीक्षा संपून वर्षं झाली तुझी. आता कसलं उत्तर?"

"माझाच," म्हणाला, आणि ओशाळवाणं हसला.

जहाजावर चढण्याआधी डॉक्टरी तपासणी होते. त्यात छातीला वायरी लावून काढतात तो कागद, ईसीजी, त्यात एका ठिकाणी रेघ चमत्कारिक वर उचललेली दिसली. डॉक्टर म्हणाले, हृदयाला ठोके द्यायला जी वीज लागते तिचा एक दुर्मिळ आजार असतो, त्यात अशी रेघ दिसते. निरोगी माणसातही कधी कधी दिसते. गोव्याला मोठ्या हॉस्पिटलात जा, तिथे सलाइनमधून औषध देऊन पुढची तपासणी करतात, मग सही देतो. पोराला ती तपासणी नको होती. तारीख मिळेपर्यंत जहाज निघून जाणार होतं, आणि एजंटाने सांगितलं होतं, दुसऱ्या एका दवाखान्यातून दाखला आणून देतो, तिथे कोणी इतकं निरखून बघत नाही.

"म्हणान मी हिशोब केलंय," म्हणाला. "धोको किती तो बघलंय. तुमी बरोबर म्हटलास काय मी चलतंय."

म्हणजे माझ्या सहीवर हा समुद्रात जाणार. मी चष्मा लावला.

डॉक्टरांशी बोलून त्याने ढोबळ आकडे धरले होते, हिशोबापुरते. आजार हजारात एकाला. आजार असला तर अशी रेघ दिसण्याची शक्यता शंभरात नव्वद. आजार नसतानाही दिसण्याची शंभरात पाच. आता इथे वर्गातली निम्मी मुलं धाडकन उडी मारतात आणि लिहितात, रेघ दिसली म्हणजे आजार असण्याची शक्यता नव्वद टक्के. डॉक्टरसुद्धा मारतात ती उडी, मी पाहिलेत. ह्याने मारली नव्हती. त्याने दहा हजार माणसं मांडली होती. त्यांत आजारी दहा. त्या दहांतल्या नऊ जणांना रेघ दिसणार. उरलेले नऊ हजार नऊशे नव्वद धडधाकट, पण त्यांतल्याही शंभरी पाचांना दिसणार, म्हणजे जवळजवळ पाचशे जणांना. रेघ दिसलेले सगळे मिळून पाचशे नऊ धरा, आणि त्यांत खरे आजारी नऊ. शंभरात दोनसुद्धा नाहीत. आजार मुळातच विरळ, म्हणून खोट्या धोक्याची गर्दी खऱ्यापेक्षा कितीतरी मोठी.

"शाबास रे," मी म्हटलं. "वर्गात झोपायचास, तरी शिकलास."

"म्हणजे जाऊ?"

मी पान परत देत नव्हते. तोंडाला सवय असते, ती बोलली. "हजारात एक म्हणतोस. ही हजार माणसं कोण?"

"कोण म्हणजे? माणसां. सगळी."

"त्यांच्यात आणि तुझ्यात काही फरक? हा आजार रक्तातून उतरतो, असं डॉक्टर म्हणाले ना? घरात कोणाला हृदयाचा त्रास?"

"नाय. डॉक्टरान आयेक समोर बसवन इचारल्यान. आयेन सांगल्यान, आमच्या घराण्यात काळजाचो आजार कोणाक नाय. बापूस तापान गेलो."

गणित स्वच्छ होतं. तरीही मी म्हटलं, शंभरात दोन म्हणजे शून्य नव्हे, गोव्याला जाऊन ये, जहाजं काय, उद्याही निघतात. तो हो म्हणाला. तो 'हो' मी ओळखते. अभ्यास करतोस का विचारलं की मुलं म्हणतात तो.

पुढच्या आठवड्यात त्याच्या आईचा निरोप आला. पोरगा जाणार, त्याआधी घरची राखण द्यायची आहे, दुपारी जेवायला या. म्हणजे गोवा-बिवा काही नाही, एजंटाचा दाखला आला होता. मला राग आला. तरी गेले, कारण राग समोरच काढलेला बरा.

राखण आमच्याकडे घरोघर देतात. वाडीची, बागेची राखण करणारा तो राखणदार, त्याला वर्षातून एकदा, नाहीतर मोठं काही ठरलं की नारळ-कोंबडा द्यायचा. कोणी त्याला देवचार म्हणतं. पाठीशी असला तर अंधारात वाट दाखवतो. बिनसला तर काय करतो, ते लोक मोठ्याने सांगत नाहीत. मी ह्यातलं काही मानत नाही आणि करंजाच्या झाडाखालच्या त्याच्या दगडावर पायही देत नाही. दोन्ही खरं आहे.

एसटीतून उतरून वाडीत शिरले तेव्हा दुपार चढली होती. त्या वेळेला आमची गावं मेल्यासारखी पडलेली असतात. जेवणं लवकर उरकलेली, माणसं आडवी, कुत्रीसुद्धा माडाच्या सावलीत पाय ताणून. खाडीला ओहोटी लागलेली, चिखलाचा वास. प्रत्येक घराचं दार लोटलेलं. आणि ह्यांच्या घरातून मात्र बोलण्याचा आवाज येत होता. एकसारखा, न थांबता, जसं कोणी पोथी वाचावी.

पडवीत पोरगा लाकडी खुर्चीवर ताठ बसला होता. डोळे लाल, ओठ सुकलेले, खांद्यावर टॉवेल. त्याची आई समोर पाटावर बसून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलत होती. पावसात कौल बदलायचं राहिलं, शेजारणीची म्हैस व्याली, कसलंही. शेजारची एक म्हातारी कपाळावर ओलं फडकं बदलत होती. त्याची मान जरा कलली की आई गुडघ्यावर चापट मारी.

"निजा नको रे. बोल. मॅडम इलेत बघ. बोल तेंच्याशी."

"कालपासून ताप आहे, मॅडम," तो म्हणाला. माझ्याशी एकदम शुद्ध बोलला, ऑफिसात बोलतात तसं. मला ते आवडलं नाही.

"मग झोपू द्या ना त्याला," मी म्हटलं. "वयनी, ताप आहे तर अंग टाकू दे की पोराला."

आईने माझ्याकडे पाहिलं. तापट बाई नाही ती, पण त्या नजरेने मी एक पाऊल मागे सरले. म्हातारीने फडकं पिळलं, आणि पाण्याचे थेंब तांब्यात पडल्याचा आवाज मला ऐकू आला, इतकी वाडी शांत होती.

"आमच्या घरातल्या पुरसाक तापात निजाक दिवचा नसता," आई म्हणाली.

"कित्याक?"

"निजले ते उठूक नाय."

हे तिने असं सांगितलं, जसं विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं ते सांगावं. मी पायरीवरच बसले. कोण कोण, ते विचारलं. तिने बोटांवर मोजलं नाही, हळूहळू सांगत गेली. सासरे तरणेताठे असताना. होडी वल्हवून आले, अंग तापलं होतं, दुपारी आडवे झाले. सासऱ्यांचा धाकटा भाऊ, त्याच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तो माजघरात निजला, त्याच्या गळ्यातून घुसमटल्यासारखा आवाज आला, बायको धावली तोवर संपलं होतं. आणि हिचा नवरा. त्यांच्याही गळ्यातून तोच आवाज.

"काय झालं होतं त्यांना?" मी विचारलं.

"काय होवचा? देवचारान नेल्यान. छातयेर येवन बसता तो. मागच्या कोणीतरी राखण चुकवली, ता आमचे पुरुस फेडतत."

"आणि डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत, घरात कोणाला काही नाही."

"डॉक्टरान इचारल्यान, काळजाचो आजार आसा? मी नाय म्हटलंय." ती खरोखर गोंधळली होती. "आजार नव्हतोच, बाई. उभ्या आयुष्यात डोक्या दुखला नाय तेंचा. देवचाराक काय आजार म्हणतत?"

खोटं ती बोललीच नव्हती. डॉक्टरांनी आजार विचारला, तिने आजार नाही म्हणून सांगितलं. जे आजार नव्हतं ते तिथे कोणी विचारलं नाही. समोर माडांच्या पलीकडे करंज दिसत होता, खाली तो दगड, कोणी तरी सकाळीच फुलं वाहिलेली. क्षणभर मला, गणिताच्या बाईला, असं वाटलं की तो दगड आमचं बोलणं ऐकतोय.

पोरगा मात्र माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला कळलं होतं. हुशारच होता मेला.

"मॅडम," तो म्हणाला, "हिशोबात देवचार कसो धरूचो?"

"देवचार नको धरू, बापाशीक धर!" मी खेकसले. त्या दुपारी आवाज चढवलेली मी एकटीच असेन. "कागद खंय आसा तो?"

कागद नव्हता, आणि लागणारही नव्हता. मी त्याला बोलतं ठेवलं, तेवढंच आईला हवं होतं. म्हटलं, तुझी पहिली ओळ सोडून सगळं तसंच ठेव. नव्वद तसेच, पाच तसेच. फक्त ती हजार माणसं बदल. तुझी माणसं म्हणजे अशी, ज्यांचा बाप, आजा आणि चुलत आजा तरणेपणी, धडधाकट असताना, झोपेत गेले. आता तुझ्या बापाला हा आजार होता की नाही, आपल्याला ठाऊक नाही. मी कंजूषपणा करते. धर, होता याची शक्यता निम्मी. त्याला असला तर तुझ्यात उतरण्याची शक्यता पुन्हा निम्मी. किती झाले?

"चारात एक," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

"हजारात एकच्या जागी. आता मांड."

त्याने डोळे मिटले, आईने चापट मारली, त्याने उघडले. "हजार माणसां. आजारी अडीचशे. तेतूर रेघ दिसलेले... दोनशे पंचवीस. बरे साडेसातशे. तेंचे पाच टक्के... सदतीस. साडेसदतीस."

"पुढे."

पुढचं मीच मांडलं, हिशोब अर्धवट सोडणं मला जमेना. रेघ दिसलेले दोनशे साडेबासष्ट, त्यांत खरे आजारी दोनशे पंचवीस. शंभरात पंच्याऐंशीच्या वर. तीच रेघ, तेच मशीन, तीच आकडेमोड. पानावरचं दोन टक्क्यांचं उत्तर अजूनही बरोबरच होतं, पण ते दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

आईला आकडे कळले नाहीत. पण आमची तोंडं तिला कळली. तिने त्याचा गुडघा घट्ट धरला आणि प्रथमच बोलायची थांबली.

पोराकडून नंबर घेऊन मी त्याच, ईसीजी काढणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि घराण्यातले सगळे मृत्यू सांगितले. ते म्हणाले, ह्या आजारात तापच घात करतो, ताप उतरवायचं औषध द्या आणि तडक घेऊन या, थांबू नका. शेजारच्याची मॅजिक गाडी काढली. गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत आई त्याच्याशी बोलतच होती. मीही बोलत होते. काय बोलत होते देव जाणे, बहुतेक सरासरी आणि मध्यक. जरा गप्प राहिलं की आमच्यात आणखी कोणीतरी बसलंय असं वाटायचं, आणि मला खात्री आहे, हे फक्त मलाच वाटत नव्हतं. ड्रायव्हर आरशात एकदाही बघत नव्हता.

तापात काढलेल्या ईसीजीत ती रेघ अशी उमटली की डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची गरजच नाही म्हटलं. त्याला ठेवून घेतलं, वायरी लावल्या, समोर हिरव्या रेषेचा पडदा. ताप उतरत होता, सगळे जरा सैल झाले. उजाडताना त्याला डोळा लागला. आई उशाशी होती आणि मी दाराशी, नर्सबाईंशी चहाचं बोलत होते.

तो आवाज मी ऐकला. घोरण्यासारखा नाही. पाण्याखालून कोणी तरी श्वास ओढतंय तसा. पडद्यावरची रेष वेडीवाकडी झाली आणि यंत्र किंचाळायला लागलं. आई ओरडली नाही. ती उठून भिंतीला टेकली, तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, "इलो." आला, एवढंच. माणसं धावली, मला बाहेर ढकललं, छातीवर विजेचा झटका दिला, आणि रेष पुन्हा ओळीत चालू लागली. त्याने डोळे उघडले, तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. तहान लागली म्हणाला.

मी मात्र आजही त्या एका शब्दाने दचकते. आजाराचं नाव मला माहीत होतं, कारण माहीत होतं, उपाय समोर झालेला पाहिला होता. तरी तिने "इलो" म्हटलं तेव्हा मी दाराकडे वळून बघितलंच. मला भीती वाटली. गणित कळतं म्हणून भीती कमी होत नाही, हे वर्गात कोणी सांगत नाही.

पुढे त्याच्या छातीत गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवलं. ठोका बिघडला की आतल्या आत झटका देतं. जहाज गेलं, कायमचंच गेलं. पोरगा महिनाभर कोणाशी बोलला नाही आणि मग एका दिवशी शिकवणी घ्यायची म्हणून माझी जुनी पुस्तकं उचलून घेऊन गेला. विचारलं नाही, सरळ उचलली.

मी त्यांच्याकडे पुन्हा गेले ती दुपारीच. पोरगा माजघरात गाढ झोपला होता, दार उघडं. आई पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मला पाणी दिलं, सूप बाजूला सारलं आणि पदराला हात पुसत राहिली, पुसून झाले तरी.

"बाई, तो सांगता, तुमी शंभरात किती ता काढतास."

"काढते."

"मगे माझा एक काढा." तिने आवाज खाली आणला. आत झोपलेल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "ह्येंका ताप इलो तेव्हा मी जागी होतंय. किती दिस डोळ्याक डोळो लावलंय नाय. बोलत ऱ्हवलंय, बोलत ऱ्हवलंय. आणि मगे बसल्या बसल्या माझो डोळो लागलो. वायच, घडीभर. जाग इली तेव्हा तो आवाज संपत इल्लो." तिने माजघराकडे बघून घेतलं. "सगळ्यांनी म्हटल्यानी, देवचारान नेल्यान. माका ठावक होता, मी निजलंय म्हणान नेल्यान. इतकी वर्सां मी कोणाक सांगूक नाय. आता तुमी सांगतास, देवचार नाय, रक्तातलो आजार. मगे मी जागी ऱ्हवलंय असतंय तर ह्ये वाचण्याचे शंभरात किती?"

मी आकडा मांडायला लागले, सवयीने. जागं ठेवल्याने काय होतं? काही नाही. पण ती ओली फडकी ठेवत होती, ताप उतरवत होती. ती झोपली तेवढा वेळ फडकं बदललं गेलं नाही. त्याने किती फरक पडला असता? तसं कोणी मोजलेलं नाही. गावात झटका देणारं यंत्र नव्हतं, हे खरं. पण फडक्याचा आकडा माझ्याकडे नव्हता, आणि आकडा नसताना उत्तर लिहिणाऱ्याला मी आयुष्यभर भोपळा देत आले.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"शून्य," मी म्हटलं.

"नक्की?"

"शून्य, वयनी. मी तपासलंय."

ती बराच वेळ रडली, पदर तोंडात धरून, आतल्याची झोप मोडू नये म्हणून. मी सूप ओढून तांदूळ निवडत बसले.